‘३० दिवस’ कोणत्या दिवसापासून?

*ताई, मकरपुरा जीआयडीसीत माझं प्रेशर गेज कॅलिब्रेशनचं छोटं वर्कशॉप आहे. बिल मेलने पाठवतो, मेलमध्ये एकच ओळ असते: ‘बिल सोबत जोडलं आहे, पेमेंट ३० दिवसांत करावं.’ हालोलच्या एका गिऱ्हाइकाने २८ जानेवारीच्या बिलाचे पैसे १० मार्चला दिले. विचारलं तर म्हणाले, बिल आमच्याकडे ३ फेब्रुवारीला इनवर्ड झालं, पेमेंट आम्ही १० आणि २५ तारखेलाच करतो, उशीर कुठे झाला? दुसऱ्या एकाने पैसे आमच्या बंद केलेल्या खात्यात पाठवले. ते परत गेले आणि पुन्हा यायला तीन आठवडे लागले. बिलासोबतचा मेल नक्की कसा लिहावा?*
*– एक वाचक, मांजलपूर, बडोदे*

बावीस वर्षं मी एका कारखान्यात बिलं घेण्याच्या टेबलावर बसले. म्हणजे तुमच्यासारख्यांचे मेल ज्यांच्याकडे येतात, त्यांच्यातलीच मी. त्यामुळे आधी टेबलाच्या पलीकडे काय होतं ते सांगते.

तुम्ही मेल पाठवता तो परचेसवाल्या साहेबांना. साहेब तो वाचत नाहीत, फक्त पुढे ढकलतात. तो स्टोअरला जातो, तिथून अकाउंट्सला, आणि शेवटी ज्या मुलीसमोर उघडतो तिने तुमचं वर्कशॉप पाहिलेलं नसतं, तुमच्याशी कधी बोलणं झालेलं नसतं. तिच्यासमोर त्या दिवशी साठ बिलं असतात. सॉफ्टवेअर तिला चारच गोष्टी विचारतं: बिल नंबर, बिलाची तारीख, रक्कम, देय तारीख. पहिल्या तीन बिलावर छापलेल्या असतात. चौथी तिला मोजावी लागते, आणि ती आपल्या कंपनीच्या सोयीने मोजते. त्यात लबाडी नसते. ‘३० दिवस’ एवढंच लिहिलेलं असलं की ‘कधीपासून’ ते तिने ठरवायचं, असाच त्याचा अर्थ होतो.

तुमच्याच बिलावर मोजून बघा. बिलाची तारीख २८ जानेवारी २०२६. तेव्हापासून ३० दिवस म्हणजे २७ फेब्रुवारी. इनवर्डच्या ३ फेब्रुवारीपासून मोजले तर ५ मार्च. काही कंपन्या महिना संपल्यावर मोजायला लागतात. त्या हिशोबाने ३१ जानेवारीनंतर ३० दिवस, म्हणजे २ मार्च. एकाच वाक्याच्या तीन तारखा झाल्या आणि तिन्ही बरोबर. त्यात त्यांचं पेमेंट १० आणि २५ ला. २७ फेब्रुवारी ही तारीख त्यांच्या डोळ्यांसमोर असती तर तुमचं नाव २५ फेब्रुवारीच्या यादीत घालायला निदान कारण होतं. ५ मार्च धरल्यावर बिल आपोआप १० मार्चवर गेलं. म्हणजे एका न लिहिलेल्या शब्दाने तुमचे तेरा दिवस खाल्ले.

तेव्हा मेलमध्ये दिवसांची संख्या एकटी कधीच लिहू नका. तारीख लिहा, वारासकट, महिना अक्षरांत: शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६. ती कशी काढली हे खालच्या ओळीत सांगा. वार लिहिण्याचा फायदा असा की तारखेत चूक झाली तर वार जुळत नाही आणि वाचणारा थबकतो. मात्र वार तुम्हीही कॅलेंडर उघडूनच लिहा. मनाने लिहिलेला वार चुकला तर तुमच्या खऱ्या तारखेवरही कोणाचा विश्वास राहत नाही. एक्सेलमध्ये बिलाची तारीख `A2` मध्ये असेल तर `=A2+30` लिहिलं की देय तारीख मिळते, फेब्रुवारीचे दिवस बोटांवर मोजत बसावं लागत नाही.

महिना अक्षरांत का, त्याची एक गंमत सांगते. आमच्या कंपनीच्या मोठ्या पेमेंटना अमेरिकेतल्या ऑफिसची मंजुरी लागायची, आणि ते लोक महिना आधी लिहितात. एका सप्लायरने बिलावर देय तारीख 06/05 लिहिली होती, म्हणजे ६ मे. तिकडे ती ५ जून झाली आणि बिचारा महिनाभर फोन करत राहिला. आम्ही मागचे कागद काढले तर त्याच्याच आधीच्या एका बिलावर 05/06 होतं. त्याचे पैसे ५ जूनऐवजी ६ मेलाच गेले होते. तेव्हा मात्र त्याने कोणाला फोन केला नव्हता!

आता जरा नाजूक मुद्दा. मेलमध्ये तुम्ही तारीख लिहिली म्हणून ती बंधनकारक होत नाही. अकाउंट्सवाली मुलगी शेवटी पीओ उघडते आणि पीओत जे असेल तेच चालतं. पीओत ४५ दिवस असताना मेलमध्ये ३० लिहिलेत, तर तुमचा मेल चुकीचा ठरतो, आणि एकदा चुकीचा ठरलेला मेल पुढच्या वेळी कोणी वाचत नाही. म्हणून पीओ काढा आणि मुदतीची ओळ नीट वाचा. तिथेही नुसतं ‘३० दिवस’ असेल, आणि हालोलच्या पीओत तसंच असणार असा माझा अंदाज आहे, तर बिल पाठवण्याच्या आधी परचेसला दोन ओळींचा मेल टाका: ‘पीओतली ३० दिवसांची मुदत आम्ही बिलाच्या तारखेपासून धरतो आहोत. आपल्याकडे वेगळं असेल तर कळवावं.’ ‘इनवर्डपासून’ असं उत्तर आलं तरी बिघडत नाही. मग बिल त्याच दिवशी इनवर्ड कसं होईल ते बघायचं. अनेक कंपन्यांचा बिलांसाठी वेगळा मेल पत्ता असतो. बिल थेट तिथे पाठवा, साहेबांना फक्त प्रत ठेवा. तुमचे २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी हे सहा दिवस बहुतेक साहेबांच्या इनबॉक्समध्येच गेले असतील.

तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. एमएसएमई विकास कायदा २००६ चा. त्याप्रमाणे लेखी ठरलेली मुदतसुद्धा माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि काहीच लेखी ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही, पण तुमचं काम सेवेचं आहे. शिवाय या मुदतीपलीकडे थकवलेलं बिल खरेदीदाराला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे सीए स्वतःच अशी बिलं शोधत फिरतात. तरी मेलमध्ये कायद्याची भाषा नको. ‘उद्यम क्र. अमुक, सूक्ष्म, सेवा’ एवढी ओळ बिलावर आणि मेलच्या शेवटी असली की ज्याला समजायचं त्याला समजतं.

मुदतीचा आणखी एक कोपरा राहतो. २७ तारखेपर्यंत काय व्हायला हवं? पैसे निघायला की पोचायला? आपल्याकडे फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘पेमेंट मोकली दीधुं छे’. पाठवलंय म्हणे. म्हणजे कधी व्हाउचर झालेलं असतं, कधी बँकेत एकाने भरून ठेवलेलं असतं आणि दुसऱ्याची मंजुरी बाकी असते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं, तेव्हा ‘बँक बंद होती’ हे कारण आता उरलेलं नाही. म्हणून ‘या तारखेपर्यंत रक्कम खात्यात जमा व्हावी’ असंच लिहा आणि पैसे पाठवल्यावर यूटीआर क्रमांक कळवायला सांगा. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२. तो सांगता येत नसेल तर पैसे अजून निघालेले नाहीत असं खुशाल समजा.

आता खात्याकडे वळू. बंद खात्याचं जे झालं, त्यात मेलचा दोष निम्माच आहे. बहुतेक कंपन्या बिलावरचं खातं बघून पैसे पाठवतच नाहीत. पहिल्या दिवशी तुम्ही कॅन्सल चेक दिलात, त्यावरून सप्लायरच्या यादीत जे खातं भरलं गेलं, त्यातच वर्षानुवर्षं पैसे जातात. बिलावर नवं खातं छापून ते बदलत नाही. त्यासाठी त्यांचा फॉर्म, नवा कॅन्सल चेक आणि ‘बदल नोंदवला’ असं त्यांचं लेखी उत्तर हवं. ते उत्तर येईपर्यंत जुनं खातं बंद करायचं नाही. बँकेकडूनही कधी बदल येतो: देना आणि विजया बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. तेव्हा आमच्या टेबलावर महिनाभर हेच काम होतं.

मेलमधला खात्याचा मजकूर साधा, टाइप केलेला असावा. सहीखाली चित्र म्हणून चिकटवलेला नको. चित्रातला नंबर कॉपी होत नाही, मग तो बघून टाइप केला जातो आणि तिथेच एक आकडा इकडचा तिकडे होतो. खातं क्रमांक सलग लिहा. चार-चारचे गट वाचायला बरे वाटतात, पण कॉपी करून बँकेच्या चौकटीत टाकल्यावर मधल्या रिकाम्या जागा कधी नाकारल्या जातात, कधी शेवटचे आकडे कापले जातात. सलग नंबराखाली लिहा: ‘एकूण १४ अंक, शेवटचे चार अमुक’. टाकणाऱ्याला तेवढ्यावर पडताळा मिळतो. आणि एक्सेलमधून बिल बनवत असाल तर खातं क्रमांकाची चौकट आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. एक्सेल आकड्यात पंधराच अंक सांभाळतं. सोळावा अंक गुपचूप शून्य होतो, आणि क्रमांकाची सुरुवात शून्याने असेल तर ते शून्य गायब होतं. ही चूक कागदावर बघून कोणालाच कळत नाही, कारण नंबर दिसायला नंबरासारखाच असतो.

आयएफएससी ११ अक्षरांचा: पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा शाखेची. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली आपल्या गावात काढलेल्या बँकेत तुमचं खातं असेल तर इथे जरा जास्त लक्ष द्या. तिचा कोड `BARB0` ने सुरू होतो आणि पुढे शाखेची बहुधा अक्षरंच येतात. अक्षरांच्या गर्दीत ते एकटं शून्य सगळ्यांना ओ वाटतं. ‘पाचवं अक्षर शून्य आहे’ असं शब्दांत लिहून टाका. फोनवर सांगतानाही ‘झीरो’ म्हणा, ‘ओ’ म्हणू नका.

नावाचीही गोष्ट आहे. पूर्वी एनईएफटीत नाव कोणी तपासत नव्हतं, पैसे फक्त खातं क्रमांकावर जमा व्हायचे. आता रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पाठवणाऱ्याला आधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय केली आहे. बिलावर फर्मचं नाव आणि खातं मात्र तुमच्या स्वतःच्या नावावर, असं असेल तर पडद्यावर वेगळंच नाव दिसतं, मुलगी थांबते, साहेबांना विचारते, आणि पेमेंट पुढच्या यादीत जातं. म्हणून खात्यावर जे नाव आहे तेच लिहा आणि फर्मशी त्याचं नातं एका ओळीत सांगा.

सगळं एकत्र केलं तर मेल असा होतो. तुम्ही तो इंग्रजीत पाठवाल, मी इथे मराठीत देते. रकमा उदाहरणाच्या आहेत.

> विषय: बिल क्र. ११८, रु. ५६,६४०, देय शुक्रवार २७ फेब्रुवारी २०२६, पीओ क्र. …
>
> नमस्कार,
>
> पीओ क्र. … प्रमाणे केलेल्या ८० प्रेशर गेजच्या कॅलिब्रेशनचं बिल क्र. ११८, दिनांक २८ जानेवारी २०२६, सोबत जोडलं आहे. सर्टिफिकेटं २७ जानेवारीला दिली आहेत.
>
> देय तारीख: शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६. या तारखेपर्यंत रक्कम आमच्या खात्यात जमा व्हावी. आपल्या २५ फेब्रुवारीच्या पेमेंट यादीत हे बिल घ्यावं ही विनंती.
> मुदत: पीओतील ३० दिवस, बिलाच्या तारखेपासून.
>
> रक्कम: ४८,००० अधिक जीएसटी ८,६४०, एकूण ५६,६४० रुपये.
> टीडीएस २ टक्के कापल्यास तो ४८,००० वर, म्हणजे ९६०. खात्यात येणारी रक्कम ५५,६८० रुपये.
>
> खात्यावरचं नाव: … (फर्मचे मालक)
> खातं क्रमांक: … (१४ अंक, शेवटचे चार …), चालू खातं
> आयएफएससी: BARB0…… (पाचवं अक्षर शून्य)
>
> हे खातं आपल्या सप्लायर नोंदीत … तारखेपासून आहे, त्यात बदल नाही. खातं बदलल्याचा मेल आमच्या नावाने आला तर आपल्या नोंदीतल्या जुन्या फोन नंबरवर विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.
>
> पैसे पाठवल्यावर यूटीआर कळवावा.

टीडीएसची ओळ तुम्ही विचारली नव्हती, मी मुद्दाम घातली. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापायचा असतो. तरी काही ठिकाणी तो ५६,६४० वर कापतात, आणि मग १७२ रुपये ८० पैशांसाठी तुम्ही दोन महिने पत्रव्यवहार करत बसता. टक्केवारी कामाप्रमाणे बदलते, तुमची कोणती ते सीएला विचारून एकदाच पक्की करा.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदातला फोन नंबर मी मेलमध्ये दिलेला नाही, तेही जाणूनबुजून. सप्लायरच्या नावाने खोटा मेल पाठवणारा त्यात खात्यासोबत स्वतःचा फोन नंबरही देतो. विचारायला फोन केला की तोच उचलतो आणि ‘हो हो, खातं बदललंय’ म्हणतो. म्हणून नंबर त्यांच्या जुन्या नोंदीतलाच हवा.

जोडलेल्या बिलावर खातं आणि देय तारीख अक्षरश: हीच हवी. मेलमध्ये एक आणि पीडीएफमध्ये मागच्या वर्षीच्या नमुन्यातलं दुसरं, असं दिसलं की शहाणा अकाउंटंट दोन्ही बाजूला ठेवतो आणि तुमच्या फोनची वाट बघतो. आणि मेल कोणी छापलाच तर बहुधा फक्त पीडीएफ छापतो, त्यामुळे मेलमधली प्रत्येक महत्त्वाची ओळ बिलावरही असू द्या.

नवं खातं वापरायला लागण्याआधी घरात एक प्रयोग करून बघा. तुमचा मेल वहिनींच्या मोबाइलवर पाठवा. त्यांचं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर उत्तमच. त्यांना काही न सांगता मेलमधूनच क्रमांक आणि कोड कॉपी करून तुम्हाला एनईएफटीने एक रुपया पाठवायला सांगा. मध्ये कुठे अडल्या तर तिथे मेल बदला. आणि त्यांच्या ॲपवर खातेदाराचं जे नाव उमटेल, ते आद्याक्षरांसकट जसंच्या तसं ‘खात्यावरचं नाव’ या ओळीत उतरवून घ्या.